वरच्या एसीचं पाणी खाली टपकतंय: खालच्या शेजाऱ्यांना काय लिहायचं आणि ड्रेन पाईप कसा उतरवायचा

मे महिन्यात एसी दिवसरात्र चालतो, तरी खालून तक्रार येत नाही. मृगाच्या दोन सरी पडून गेल्या की आठ दिवसांत निरोप येतो, "तुमच्या एसीचं पाणी आमच्या पत्र्यावर पडतंय." वरचे म्हणतात, कालपर्यंत तर काहीच नव्हतं. ते खरंही असतं. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असतो, हवेत वाफच कमी असल्यामुळे एसीच्या थंड कॉइलवर पाणी जेमतेम साचतं. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि तोच एसी, त्याच तापमानावर, कितीतरी जास्त पाणी काढू लागतो. पाईपचं तोंड पहिल्या दिवसापासून चुकीच्या जागी असतं, पण ते कळतं आषाढात.

अशा वेळी पहिली चूक होते ती घाईत उत्तर देण्याची. "उद्या मेकॅनिकला बोलावतो" असं लिहून टाकलं जातं. मेकॅनिक येतो, गॅस बघतो, जाळी धुतो, पैसे घेऊन जातो आणि रात्री पुन्हा टपटप सुरू होते, कारण मशीनमध्ये बिघाड नव्हताच. मग खालच्यांना दुसऱ्यांदा तेच सांगावं लागतं आणि दुसऱ्या वेळी त्यांचा विश्वास उरलेला नसतो. म्हणून क्रम असा ठेवा: पाणी कुठून येतंय ते त्याच रात्री शोधा, त्या रात्रीपुरतं ते थांबवा, पाईप कुठून न्यायचा ते ठरवा आणि मग मेसेज पाठवा. या सगळ्याला एक दिवस पुरतो.

पाणी आउटडोअरचं की ड्रेन पाईपचं

खालून बघणाऱ्याला आउटडोअरच दिसतो, म्हणून तो म्हणतो आउटडोअर गळतोय. पण थंड हवा देत असताना आउटडोअरची कॉइल गरम असते. तिच्यावर पाणी साचायचं कारणच नाही. पाणी साचतं खोलीतल्या इनडोअरच्या कॉइलवर, ते खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि बोटाएवढ्या जाड, वळ्यावळ्यांच्या ड्रेन पाईपने भिंतीच्या भोकातून बाहेर येतं. बसवणारा माणूस हा पाईप तांब्याच्या नळ्यांबरोबरच टेपमध्ये गुंडाळतो आणि आउटडोअरजवळ त्याचं तोंड मोकळं सोडून देतो. तिथून पाणी ब्रॅकेटवर आणि ब्रॅकेटवरून खाली.

खात्री करायला एक रिकामी लिटरची बाटली आणि सुतळी लागते. पाईपचं तोंड बाटलीत सहा-सात सेंटिमीटर आत घाला, पण बाटलीच्या तोंडाशी थोडी फट ठेवा, नाहीतर आतली हवा बाहेर निघणार नाही आणि पाणी अडून उलट खोलीत येईल. सुतळीने बाटली ब्रॅकेटला घट्ट बांधा आणि तासभर एसी चालू ठेवा. हे सगळं खिडकीतून हात पोचत असेल तरच करा. कठड्यावर वाकून किंवा छज्जावर उतरून अजिबात नको. त्या काळात खाली टपकायचं थांबलं आणि बाटली भरू लागली, तर पाणी ड्रेन पाईपचंच आहे. बाटलीत किती जमलं ते बघून ठेवा, हा आकडा पुढे लागणार आहे.

बाटली भरतेय आणि तरीही खाली थेंब पडतोय, तर जिथे तांब्याच्या नळ्या आउटडोअरला जोडलेल्या असतात ते दोन पितळी व्हॉल्व्ह बघा. त्यातल्या जाड नळीवर काळी रबरी नळी चढवलेली नसेल किंवा उन्हाने तिचे तुकडे पडले असतील, तर उघड्या थंड पितळेवर घाम येतो आणि थेंब थेंब गळतो. तिथे नवीन इन्सुलेशन चढवून टेप मारली की काम झालं, त्याला ड्रेन पाईप लागत नाही. पण व्हॉल्व्हवर किंवा बारीक नळीवर पांढरा बर्फ धरत असेल तर गॅस कमी झाल्याची शक्यता असते आणि तेव्हा मात्र मेकॅनिकच लागतो.

एसी दिवसभर बंद ठेवूनही थेंब पडत असेल तर दोष दुसरीकडे आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकीला लटकवलेला कूलर जास्त वेळा दोषी निघतो. त्याचा बॉल अडकला की टाकी भरून वाहते आणि खालच्यांनी गॅलरीत घातलेल्या कुरडया-सांडग्यांवर पाणी पडतं. त्याला बॉल व्हॉल्व्ह बदलणं हा इलाज आहे.

एक अपवाद सांगितला पाहिजे. हॉट अँड कोल्ड एसी डिसेंबर-जानेवारीत खोली गरम करायला लावला, तर उलटं होतं. तेव्हा आउटडोअरची कॉइल थंड असते आणि पाणी खरोखर आउटडोअरच्या बुडातल्या भोकांमधून पडतं. अशा मशीनच्या खोक्यात बहुधा एक प्लॅस्टिकचा एल्बो आणि काही रबरी बुचं आलेली असतात. एल्बो बुडातल्या मोठ्या भोकात दाबून बसवायचा, बाकीची भोकं बुचांनी बंद करायची आणि एल्बोला पाईप जोडायचा. एल्बोला जागा मिळावी म्हणून आउटडोअर ब्रॅकेटपासून थोडा उचललेला असावा लागतो. पुढे जे लिहिलं आहे ते मात्र नेहमीच्या प्रकाराबद्दल, म्हणजे थंड हवा देणाऱ्या एसीच्या ड्रेन पाईपबद्दल आहे.

एक उदाहरण धरू

लातूरमधली एक इमारत. तळाला पार्किंग, पहिल्या मजल्यावर काका-काकू, दुसऱ्यावर तुम्ही. तुमचा दीड टनाचा एसी बेडरूममध्ये, आउटडोअर मागच्या भिंतीवर आणि त्याच्या बरोबर खाली काकांच्या गॅलरीचा पत्रा. जुलैचा पहिला आठवडा. रात्री दहा ते अकरा या तासात बाटलीत सुमारे ७०० मिलिलिटर पाणी जमलं. म्हणजे आठ तासांच्या रात्रीत साडेपाच लिटरच्या वर. हे सगळं एकेक थेंब करून पत्र्यावर आणि पत्र्याखाली माणसं झोपलेली.

याच आकड्यावरून रात्रीपुरती सोय ठरते. पाच लिटरचा कॅन लटकवला तर तो पहाटे भरून वाहील, आणि भरलेला कॅन दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर सुतळीने लटकवणं मुळातच धोक्याचं आहे. त्याऐवजी दोन-तीन मीटर लवचिक पाईप आणा, ड्रेन पाईपच्या तोंडाला जोडा आणि खिडकीतून आत घेऊन पंधरा लिटरच्या बादलीत सोडा. मात्र खिडकीची खालची चौकट ड्रेन पाईप जिथे भिंतीतून बाहेर येतो त्या भोकापेक्षा खाली असायला हवी. पाणी आपल्या आपण वर चढत नाही. चौकट वर असेल तर एसी बंद ठेवून पंख्यावर रात्र काढणं हाच प्रामाणिक मार्ग, कारण तेवढ्या रात्री काकांची झोप मोडणं थांबतं.

पाईप कुठे न्यायचा, हे मेसेजच्या आधी ठरवा

पहिला विचार आपल्याच घरातला. इनडोअरच्या भिंतीपलीकडे तुमचं बाथरूम असेल आणि तिथपर्यंत उतार मिळत असेल, तर पाईप आत वळवून न्हाणीच्या जाळीवर सोडा. मग कोणाची परवानगी लागत नाही. फक्त तो संडासच्या उभ्या पाईपमध्ये थेट जोडू नका. मध्ये पाणी अडवून धरणारा ट्रॅप नसेल तर तिथला वास ड्रेन पाईपमधून वर चढतो आणि एसीतून तुमच्याच बेडरूममध्ये येतो.

दुसरा मोह होतो तो गच्चीवरून येणाऱ्या पावसाळी पाईपला भोक पाडून त्यात ड्रेन पाईप खुपसण्याचा. तसं सर्रास करतात आणि ते चुकीचं आहे. जोराचा पाऊस आला की मोठ्या पाईपमधलं पाणी त्या भोकातून बाहेर भिंतीवर उडतं, खाली चोंदलं असेल तर वर चढून तुमच्या ड्रेन पाईपमध्ये शिरतं. शिवाय तो पाईप सगळ्या इमारतीचा असतो.

पाणी साठवायचा पर्याय मराठवाड्यात मनापासून विचारात घेण्यासारखा आहे. ज्या शहराने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी बघितलंय, तिथे रोजचं पाच लिटर नालीत सोडताना जीवाला लागतंच. या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे कूलरच्या टाकीला ते बोअरच्या पाण्यापेक्षा चांगलं, पॅडवर पांढरा थर धरत नाही. फरशी पुसायला, झाडांना चालतं. कॉइलवरची धूळ आणि जंतू त्यात उतरलेले असतात म्हणून प्यायला नाही, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नको. पाईप खाली पार्किंगमध्ये उतरणार असेल तर तळाला झाकणाचं ड्रम ठेवता येतं. पण ड्रम भरल्यावरचं पाणी कुठे जाईल आणि रोज ते कोण उपसेल, हे ठरल्याशिवाय ठेवू नका. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि तक्रारीला नवीन विषय मिळतो.

आपल्या उदाहरणात बाथरूम उलट्या बाजूला आहे. म्हणून मार्ग असा: आउटडोअरपासून उजवीकडे १.२ मीटर आडवा, काकांची खिडकी आणि पत्रा चुकवून, मग सरळ खाली ७ मीटर, पार्किंगच्या कडेच्या नालीपर्यंत. यातले साधारण तीन मीटर काकांच्या भिंतीवरून जातात. परवानगी त्यासाठी लागते आणि मेसेज लिहायचा तोही त्यासाठीच. भिंतीचा त्या दिशेने फोटो काढा आणि मोबाईलवरच बोटाने लाल रेघ ओढून पाईपची वाट दाखवा. नुसत्या शब्दांतून वाट डोळ्यांपुढे येत नाही आणि "तुमच्या भिंतीवरून पाईप" एवढंच वाचून माणूस दचकतो.

प्लंबर किंवा एसीवाल्याची वेळही आधीच घ्या. दोन वेळा हातात असतील तरच काकांना दोन वेळा सांगता येतील.

मेसेज

आधी एकदा खाली जाऊन या. दार वाजवून, उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगा की पाणी आमचंच आहे, आज रात्री बंद करतोय, काय करायचं ते लिहून पाठवतो. आपल्याकडे शेजाऱ्याला पहिला शब्द मोबाईलवरून गेला तर तो परकेपणा वाटतो. मेसेज लागतो तो पुढच्या गोष्टींसाठी: वाट, भोकं, वेळ, खर्च. या गोष्टी तोंडी राहिल्या की आठवड्याने प्रत्येकाला वेगळ्या आठवतात.

मेसेज असा लिहिता येईल:

"काका, नमस्कार. मी वरून, २०२ मधून. तुमच्या गॅलरीच्या पत्र्यावर पडणारं पाणी आमच्याच एसीच्या ड्रेन पाईपचं आहे, काल रात्री बाटली बांधून खात्री केली. तुमची आणि काकूंची झोपमोड झाली, त्याबद्दल माफ करा.

आजपासून पाईपचं तोंड खिडकीतून आत घेऊन बादलीत सोडलंय. आता पत्र्यावर थेंब पडायला नको. पडलाच तर कितीही वाजले असू द्या, फोन करा, लगेच एसी बंद करतो.

कायमचा उपाय म्हणून पाऊण इंची पांढरा पाईप आमच्या आउटडोअरपासून उजवीकडे घेऊन, तुमच्या खिडकीच्या चौकटीपासून एक वीत सोडून, सरळ खाली पार्किंगच्या नालीपर्यंत उतरवायचा विचार आहे. फोटोत लाल रेघ काढली आहे. तुमच्या मजल्याच्या भिंतीवर तीन क्लॅम्प लागतील, म्हणजे तीन छोटी भोकं. ती आतून सील करून घेऊ, पावसाचं पाणी मुरणार नाही.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. या भोकांना तुमची हरकत नाही ना, ते सांगा. आणि प्लंबरला तुमच्या गॅलरीतून साधारण दीड तास काम करावं लागेल. रविवारी सकाळी दहा किंवा सोमवारी संध्याकाळी पाच, यातलं जे सोयीचं असेल ते कळवा. मी पूर्ण वेळ तिथे थांबेन. गॅलरी झाडून देईन.

खर्च सगळा आमचा. पाईपची जागा थोडी इकडे-तिकडे हवी असेल तर सांगा, तशी घेऊ."

या मेसेजमधल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. सुरुवातीलाच पाणी आपलं आहे हे मान्य केलंय, "असू शकतं", "कदाचित" नाही. बाटलीचा उल्लेख केला की कळतं, यांनी खरंच बघितलंय. "थोडंसं पाणी" हा शब्द कुठेही नाही. रात्री तीन वाजता पत्र्यावर पडणारा थेंब ज्याला ऐकू येतो त्याच्यासाठी तो थोडासा नसतो. पत्रा त्यांचा आहे म्हणून आवाज येतो, असं तर चुकूनही सुचवू नये. पत्र्याखाली काही अंथरून बघा, असा सल्लाही नको.

मागणी शेवटी आणि मोजून दोनच. "तुम्ही सांगाल तसं करू" हे ऐकायला नम्र वाटतं, पण त्याने उपाय शोधायचं ओझं खालच्यांवर जातं. त्यांना ड्रेन पाईपमधलं काही माहीत असायचं कारण नाही. त्यांना हो, नाही किंवा "जरा डावीकडे घ्या" एवढंच म्हणता यायला हवं. खर्चाचं एक वाक्य असलंच पाहिजे. ते नसेल तर वाचणारा मनात तोच प्रश्न घेऊन बसतो आणि उत्तर लांबतं. भिंतीवर ओलीचे डाग पडले असतील आणि रंग लावून द्यायची तुमची तयारी असेल, तर तेही लिहा. तयारी नसेल तर मोघम लिहू नका.

हाक तीच ठेवा जी जिन्यात मारता. काका, चाचा, मामा, भाऊ, ताई, वहिनी, भाभी, जे असेल ते. रोज "भाऊ" म्हणणाऱ्याने मेसेजात "आदरणीय महोदय" लिहिलं की समोरच्याला वाटतं, हा आता कागदोपत्री जायला लागला. मेसेज एकट्याला पाठवा, इमारतीच्या ग्रुपवर नाही. खाली भाडेकरू राहत असतील तर भोकांची परवानगी घरमालकाची लागते, पण त्रास भाडेकरूंना झालेला असतो. म्हणून दोघांना वेगवेगळा मेसेज करा, आधी राहणाऱ्यांना. बाहेरची भिंत सोसायटीच्या ताब्यात असेल तर काकांचं हो आल्यावर सचिवांना फोटोसह एक ओळ टाका.

काकांनी नकार दिला तर वाद न घालता दुसरा मार्ग घ्या. पाईप लांबून आपल्या बाथरूमकडे नेता येतो का, उतार मिळत नसेल तर छोटा ड्रेन पंप लावता येतो का, ते मेकॅनिकला विचारा. पंप आला की खर्च, वीज आणि बिघाड हे तिन्ही आले. म्हणून तो शेवटचा पर्याय.

सामान

आपल्या उदाहरणाला, म्हणजे १.२ मीटर आडव्या आणि ७ मीटर उभ्या पाईपला, पाऊण इंची यूपीव्हीसी पाईपच्या दहा फुटी तीन लेंथ पुरतात. सोबत दोन एल्बो, एक टी, दोन कपलर, बारा क्लॅम्प गिट्टी-स्क्रूसह आणि सॉल्व्हंटची छोटी डबी. भोकं भरायला थोडं सिलिकॉन आणि व्हॉल्व्हसाठी मीटरभर काळी इन्सुलेशन नळी. एसीवाले पुष्कळदा वायरिंगचा पातळ पाईप किंवा तोच वळ्यांचा लवचिक पाईप खालपर्यंत सोडायचं सुचवतात, कारण ते स्वस्त आणि झटपट होतं. दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवर आपल्या उन्हात लवचिक पाईप एक-दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतो आणि तडा नेमका काकांच्या खिडकीसमोर जातो. लवचिक पाईप फक्त सुरुवातीच्या वीतभर जोडापुरता ठेवा.

काम

एसीचा एमसीबी बंद करून सुरुवात करा. आउटडोअरजवळचं काम उंचीवरचं आहे, ते पट्टा-दोर लावून काम करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. तुम्ही उतार आणि जोड यांवर लक्ष ठेवा, कारण चुका तिथेच होतात.

टी सगळ्यात वर येते. तिच्या आडव्या सरळ रेषेतल्या एका तोंडात एसीचा लवचिक पाईप आठ-दहा सेंटिमीटर आत जातो, समोरच्या तोंडातून नवीन पाईप पुढे निघतो आणि तिसरं तोंड आकाशाकडे राहतं. वरून येणारा बारीक पाईप खालच्या जाड पाईपच्या आत गेला पाहिजे, कौलावर कौल चढवतात तसा. उलटं केलं, तर प्रत्येक थेंब जोडाच्या बाहेर येतो. इथे सॉल्व्हंट लावायचं नाही, नुसती टेप, म्हणजे पुढे साफ करायला जोड सुटतो. आकाशाकडच्या तोंडाला टोपी घालून तिला बारीक भोक पाडा. पाणी खाली जाताना हवा आत यावी लागते. ती वाट बंद असली की पाणी थबकतं, गुडगुड आवाज येतो आणि कधी कधी इनडोअरमधूनच ठिबकायला लागतं.

१.२ मीटरच्या आडव्या भागाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीन सेंटिमीटर उतार द्या. मीटरला एक सेंटिमीटर हा किमान, पण एवढ्या कमी लांबीत जास्त देणं फुकट पडतं आणि क्लॅम्प पुढेमागे सैल झाला तरी उतार शिल्लक राहतो. पाणसळ लावून बघा, डोळ्यांवर विसंबू नका. भिंतीचा गिलावा आणि छज्जाच्या रेषा स्वतःच तिरक्या असतात आणि नजर त्यांच्याशी ताडून फसते. या भागात तीन क्लॅम्प हवेत. कमी लावले तर उन्हात पाईप मध्येच झोळ धरतो, त्या झोळात पाणी थांबतं आणि गाळ बसतो.

उभ्या भागात मीटरला एक क्लॅम्प पुरतो, पण तो आवळून बसवू नका. पाईप हाताने वर-खाली सरकला पाहिजे. प्लॅस्टिक उन्हाने वाढतं. सात मीटरचा पाईप थंडीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत दीड-दोन सेंटिमीटर लांब होतो. घट्ट जखडलेला असेल तर तो बाहेरच्या बाजूला वाकतो किंवा कपलरपाशी सुटतो. भिंतीतली भोकं बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकती पाडायला सांगा आणि गिट्टी घालण्याआधी आत सिलिकॉन भरा. काकांना दिलेला शब्द इथे पाळला जातो.

सॉल्व्हंट लावताना पाईपचं टोक आधी कोरडं पुसा, कापलेल्या कडेचे काटे ब्लेडने काढा, पाईप आत ढकलून अर्धा मिनिट तसाच धरा. भुरभुर पाऊस असेल तर त्या दिवशी काम नको, ओल्या टोकाचा जोड धरत नाही.

तळाला एल्बो लावून तोंड नालीकडे वळवा आणि नालीपासून वीतभर वर ठेवा. तोंड चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात बुडलं की सगळी यंत्रणा अडते. तोंडावर बारीक कापड किंवा दाट जाळी बांधू नका, आतून येणारा बुळबुळीत थर तिथे अडकून बूच तयार होतं. पण कुंभारीण माश्या मोकळ्या नळीत मातीचं घर करतात, म्हणून मोठ्या भोकांची जाळी हवी.

तपासणी

सॉल्व्हंट वाळायला निदान काही तास द्या. मग टोपी काढून टीच्या वरच्या तोंडातून एक तांब्या पाणी सावकाश ओता. एक माणूस खाली नालीपाशी, एक काकांच्या गॅलरीत. तांब्याभर पाणी मिनिटाभरात खाली यायला हवं. गॅलरीतल्या माणसाने प्रत्येक कपलरवरून कोरडं बोट फिरवावं. पाणी उशिरा येतंय किंवा कमी येतंय तर आडव्या भागात झोळ आहे. पाणी टीपाशीच परत वर आलं, तर लवचिक पाईप जास्त आत घुसून समोरची वाट अडवतोय.

त्यानंतर एसी चालू करून इनडोअरच्या खालच्या कडेवर हात फिरवा. बाहेर नवीन पाईप लावताना जुना पाईप ओढला जातो आणि कधी भिंतीच्या आत तो उचलला जाऊन उलटा उतार होतो. तसं झालं तर बाहेर सगळं ठीक दिसतं आणि पाणी तुमच्या पलंगावर पडतं.

रात्री काकांना पुन्हा दोन ओळी: "काका, पाईपचं काम झालं. आज आणि उद्या रात्री एसी चालू ठेवतोय. पत्र्यावर काही आवाज आला तर सांगा." दोन रात्रींनंतर उत्तर आलं नसलं तरी स्वतः विचारा. खूपजण संकोचाने बोलत नाहीत, थेंब पडत असला तरी.

मार्चअखेर, एसी पहिल्यांदा लावायच्या आधी, टीपाशी टेप सोडून लवचिक पाईप बाहेर काढा आणि त्याच्या तोंडाशी जमलेला काळपट थर बोटाने पुसा. मग वरून एक तांब्या पाणी ओता आणि खाली पाणी आलं का ते बघायला काकांना हाक मारा. मृगाच्या आधी तेच पुन्हा एकदा.